दागिने मोडून आलेली रोकड बँकेत भरली आणि आयकराची नोटीस आली: उत्तर कसं बांधायचं

बडोद्यातल्या मराठी घरांतून हे प्रकरण साधारण एकाच वाटेनं माझ्या टेबलावर येतं. सासूबाईंचे किंवा आजीचे दागिने लॉकरमधून काढले, मांडवीत नाहीतर रावपुऱ्यात ओळखीच्या चोकसीकडे मोडीत दिले, त्यानं रोख पैसे दिले, ते काही महिने कपाटात राहिले आणि मग एक दिवस बँकेत भरले. पुढच्या वर्षी नोटीस येते की ही रक्कम कुठून आली ते सांगा. मग डब्यातून चोकसीच्या पावत्या निघतात आणि "आहेत ना पावत्या, जोडून द्या" असं सांगितलं जातं.

नुसत्या पावत्या जोडून भागत नाही. अधिकारी तीन गोष्टी तपासतो: दागिने खरोखर तुमच्याकडे होते का, ते खरोखर विकले गेले का, आणि बँकेत भरलेली रोकड त्याच विक्रीची आहे का. पावती यातल्या मधल्या प्रश्नाला लागू पडते, तीही चोकसीच्या वह्यांनी दुजोरा दिला तरच.

पुढं दांडिया बाजारातल्या एका काकूंचं प्रकरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे थोडे सरळ केले आहेत. काकू निवृत्त शिक्षिका, वय ६८, पेन्शनवर राहणाऱ्या. सासूबाईंनी २००९ मध्ये मृत्युपत्र करून दागिने यांच्या नावे केले, २०११ मध्ये त्या गेल्या. मुलाच्या फ्लॅटला हातभार म्हणून काकूंनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच वेळा दागिने विकले आणि ५ डिसेंबर २०२४ ला बचत खात्यात १०,६०,००० रुपये रोख भरले. एका आर्थिक वर्षात बचत खात्यात १० लाख किंवा जास्त रोकड आली की बँक ते आयकर खात्याला कळवते. ती नोंद तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे पोर्टलवरच्या AIS मध्ये, दिसते. नोटिशीला निमित्त तेच.

पणाला काय लागलंय ते आधी बघा

समाधानकारक खुलासा झाला नाही तर ही रक्कम १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६९अ खाली बेहिशेबी उत्पन्न म्हणून धरली जाते आणि कलम ११५बीबीई प्रमाणे ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर लागतो. सगळं मिळून ७८ टक्के. शिवाय ६० टक्क्यांच्या करावर १० टक्के दंड होऊ शकतो. यात ना कुठली वजावट मिळते ना तोटा वळता करता येतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आणि नवे कलम क्रमांक आले असले, तरी २०२४-२५ या वर्षाचा हिशेब जुन्याच कायद्याखाली होतो. त्यामुळे नोटिशीत जुने क्रमांक दिसले तर गोंधळू नका.

काकूंनी भरलेल्या १०,६०,००० पैकी दागिन्यांचे ९,५०,००० होते. खुलासा फसला असता तर त्यावर कर ७,४१,००० आणि दंड ५७,००० गेला असता. तीच रक्कम दागिन्यांच्या विक्रीची म्हणून मान्य झाली तर फक्त भांडवली नफ्यावर कर बसतो. तो किती, ते पुढं येतं.

नोटीस उघडल्यावर सर्वांत आधी तिचं कलम आणि तारीख पाहायची. १४३(२) असेल तर विवरणपत्र छाननीला निवडलं गेलंय, १४२(१) असेल तर त्यात प्रश्नावली असते. उत्तर पोर्टलवरच द्यायचं: Pending Actions, त्यात e-Proceedings, त्यात Submit Response. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आत Seek Adjournment वरून वाढवून मागा. छाननी आता चेहराविरहित असते, म्हणजे तुमची फाइल बघणारा अधिकारी रेसकोर्सच्या आयकर भवनात बसलेला असेलच असं नाही. तो चेन्नईला असेल, गुवाहाटीला असेल. त्याला मराठी मृत्युपत्र वाचता येणार नाही आणि चोकसीची गुजराती पावतीही नाही. प्रत्येक कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर हवं. "पाटल्या" म्हणजे काय आणि "तोडे" म्हणजे काय, हेही तिथं एका ओळीत लिहायचं.

पहिली कडी: दागिने होते याचा पुरावा

इथं लोक मृत्युपत्रावर थांबतात. काकूंच्या मृत्युपत्रात "माझे सर्व सोन्याचे दागिने सूनबाईस" एवढंच होतं. यादी नाही, वजन नाही. असं मृत्युपत्र मालकी सांगतं, पण माल किती होता ते सांगत नाही. मग वजन कुठून आणायचं?

माझ्या अनुभवात सर्वांत वजनदार कागद म्हणजे जुन्या सोनेतारण कर्जाचा. काकूंच्या सासऱ्यांनी १९९८ मध्ये सहकारी बँकेतून दागिने गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. त्या पावतीवर बँकेच्या सोनारानं प्रत्येक नगाचं वजन लिहिलेलं होतं: तोडे एक जोडी, चपलाहार एक, पाटल्या चार वगैरे. सत्तावीस वर्षं जुना, तिसऱ्यानं लिहिलेला, तेव्हा कुणालाही आजच्या नोटिशीची कल्पना नव्हती. असा कागद अधिकारी सहसा बाजूला टाकत नाही. तो नसेल तर संपत्ती कर भरत असलेल्या घरांत मूल्यांककाचा अहवाल सापडतो (तो कर २०१५ पर्यंत होता), वाटणीपत्र सापडतं, विम्याची यादी सापडते. लग्नाचे फोटो शेवटी. फोटोतून वजन कळत नाही, पण दागिन्याची ओळख पटते.

लॉकर असेल तर बँकेकडून तो कधी उघडला याचा उतारा मागून घ्या. काकू १२ ऑगस्टला लॉकरवर गेल्या आणि पहिली विक्री त्याच दिवशी. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की अधिकाऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही. उलटही होतं. एका गृहस्थांचा लॉकर विक्रीच्या आधी दोन वर्षं उघडलाच नव्हता, आणि दागिने लॉकरमधून काढले असं ते लेखी देऊन बसले होते.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची सूचना क्रमांक १९१६ सगळ्यांना तोंडपाठ असते: विवाहित स्त्रीकडे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीकडे २५० ग्रॅम, पुरुषाकडे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने झडतीत जप्त करू नयेत. अधिकारी म्हणतो की ही सूचना जप्तीपुरती आहे. गुजरात उच्च न्यायालयानं २०१० मध्ये मात्र एवढ्या वजनाचा स्रोत समजावला गेला असंच धरायला हवं, असा निकाल दिला आहे, आणि बडोद्याच्या करदात्याला तो सरळ उपयोगी पडतो. त्याची मर्यादाही ओळखा. ही सूचना सोनं घरात असणं समजावते, रोकड समजावत नाही. पहिल्या कडीसाठी आधार म्हणून ती वापरा, तिच्यावर सगळं उत्तर उभारू नका.

मृत्युपत्र नसेल तर आणखी एक अडचण. हिंदू वारसा कायद्यानं सासूच्या वारसांत मुलगे, मुली आणि पती येतात, सून येत नाही. सुनेनं विकून स्वतःच्या खात्यात भरलं तर हक्क कुठून आला हे सांगावं लागतं. सासूबाईंनी हयातीत दिले असतील तर तशी हकिगत शपथपत्रात लिहा, आणि नणंदा-दिरांची "आमचा यात हिस्सा नाही" अशी संमती जोडा. नणंदेचा हिस्सा खरंच असेल तर विक्रीचा हिशेबही वाटूनच दाखवायचा.

दुसरी कडी: पावती आणि चोकसीची वही

आता पावतीच वाचू. काकूंची दुसरी पावती, १० सप्टेंबर २०२४, तोड्यांची. एकूण वजन ३६.२०० ग्रॅम. आतली लाख काढून गाळल्यावर २९.८००. टंच ८८. म्हणजे शुद्ध सोनं २६.२२४ ग्रॅम. दर ग्रॅमला ७,२५०. रक्कम १,९०,१२४, कसर १२४, दिले रोख १,९०,०००.

ही पावती चांगली आहे, कारण तिच्यात घट दिसते. १९९८ च्या गहाणपावतीवर तोडे ३६ ग्रॅमचे आणि विकलेलं सोनं २६ ग्रॅमचं, हा फरक अधिकारी विचारणारच. त्याचं उत्तर पावतीतच आहे: साडेसहा ग्रॅमच्या आसपास लाख आणि गाळणीतली घट, उरलेलं टंचामुळे. जुने तोडे, पाटल्या, वाक्या आतून लाखेनं भरलेल्या असतात हे आपल्याला माहीत आहे, चेन्नईच्या अधिकाऱ्याला माहीत असेलच असं नाही. म्हणून टंच काढल्याची चिठ्ठी पावतीला जोडा. ती चोकसीकडे मशीनवर छापून मिळते आणि लोक तिथंच टाकून येतात.

वाईट पावती कशी ओळखायची? "जुने सोन्याचे दागिने, रु. १,९०,०००" एवढंच लिहिलेलं, वजन नाही, टंच नाही, दर नाही. किंवा दर त्या दिवसाच्या भावाशी जुळत नाही. सर्वांत लवकर पकडला जाणारा दोष पावतीच्या क्रमांकात असतो. ऑगस्टची पावती ४१, सप्टेंबरची ४२, ऑक्टोबरची ४३. चालत्या दुकानात तीन महिन्यांत एकच ग्राहक येतो का? असे क्रमांक दिसले की कागद मागाहून केलेत हे कुणालाही कळतं. चोकसीचा जीएसटी क्रमांक त्या तारखेला चालू होता का, तेही जीएसटीच्या पोर्टलवर Search Taxpayer मध्ये बघून घ्या. पावतीवर तुमचं नाव, पत्ता, पॅन आणि पैसे मिळाल्याची सही हवी. पाच हजारांच्या वरच्या सहीला एक रुपयाचं महसूल तिकीट लावतात.

पण पावतीपेक्षा मोठी गोष्ट चोकसीच्या वहीत आहे. अधिकारी कलम १३३(६) खाली चोकसीला पत्र पाठवतो: अमुक बाईंकडून माल घेतला का, पैसे कसे दिले, खतावणी पाठवा. चोकसीनं "असा व्यवहार झाला नाही" लिहिलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर तुमची पावती एकटी पडते. म्हणून आपलं उत्तर देण्याआधी चोकसीकडे जाऊन तुमच्या नावाची खतावणी, रोकडवहीची त्या दिवसाची पानं, खरेदी नोंदवहीचा उतारा आणि पॅनसह दुजोऱ्याचं पत्र घ्यायचं.

तिथं एक गाठ सापडते. व्यापाऱ्यानं एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख देऊन माल घेतला तर तो खर्च कलम ४०अ(३) नुसार त्याला मिळत नाही. त्यामुळे काही दुकानांत पावती एकरकमी १,८४,५०० ची असते आणि रोकडवहीत रोज १०,००० असे एकोणीस हप्ते लिहिलेले असतात. काकूंच्या मांडवीच्या चोकसीकडे पहिल्या पावतीचं नेमकं असंच निघालं. चोकसी म्हणाले, "काकी, तुम्हीपण हप्त्यानं मिळाले असंच लिहा ना." लिहिलं नाही. काकूंना पैसे एकदम मिळाले होते, तसंच शपथपत्रात दिलं. एकूण रक्कम दोन्हीकडे सारखी होती, त्यामुळे स्रोताच्या प्रश्नाला धक्का लागला नाही. चोकसीच्या खर्चाचं काय व्हायचं ते चोकसीच्या फाइलीत. जे घडलं नाही ते लिहून देऊ नका. खोट्या निवेदनाला कायद्यात खटल्याची तरतूद आहे, आणि ते निवेदन तुमच्या सहीचं असतं.

दोन लाखांचा सापळा

हे उत्तर पाठवण्याआधीच बघायला हवं. कलम २६९एसटी, १ एप्रिल २०१७ पासून: एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, किंवा एका प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला, आणि घेतलेल्या रकमेइतकाच. इथं घेणारे तुम्ही आहात. साडेनऊ लाखांची एकच रोख पावती जोडून तुम्ही स्रोत सिद्ध केलात तर त्याच कागदानं साडेनऊ लाखांच्या दंडाचं कारणही हातात दिलंत.

काकूंच्या पाच पावत्या १,८४,५००, १,९०,०००, १,९३,०००, १,८८,५०० आणि १,९४,००० अशा होत्या. तीन मांडवीला, दोन रावपुऱ्यात. प्रत्येक वेळी वेगळा दागिना, वेगळा दिवस, वेगळा भाव. म्हणून प्रत्येक व्यवहार स्वतंत्र होता असं म्हणता आलं. एकाच दिवशी सगळे दागिने देऊन पाच तारखांच्या पावत्या फाडून घेतल्या असत्या तर तो एकच व्यवहार ठरला असता, आणि गाळणीची नोंद, लॉकरची तारीख, चोकसीचा मालसाठा यांतून ते उघडं पडतं. फ्लॅटसाठीच सगळं विकलं म्हणून हा एकच प्रसंग, असा मुद्दा अधिकारी काढू शकतो. तो पूर्ण बिनधोक नाही. पुरेसं आणि समर्थनीय कारण दाखवलं तर दंड टळण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर विक्री करू नये. ज्यांनी अजून विकलं नाही त्यांनी पैसे खात्यातच घ्यावेत. मग हा लेखच लागणार नाही.

तिसरी कडी: रोकड तीच

ऑगस्टमध्ये मिळालेले पैसे डिसेंबरमध्ये का भरले? इतक्या दिवसांत भरलेच पाहिजेत असा नियम नाही, पण घरात ठेवण्याला कारण लागतं आणि ते कागदावर दिसावं लागतं. काकूंचा पहिला फ्लॅट ठरत होता, तो बोलणीत फिसकटला. दुसरा नोव्हेंबरअखेर ठरला आणि बिल्डरला चेक द्यायचा म्हणून पैसे भरले. त्या चेकची नोंद ९ डिसेंबरला पासबुकात होती, बुकिंगची पावतीही होती. भरणा आणि चेक यांत चार दिवस.

यासाठी एक रोकड तक्ता करायचा. डावीकडे तारीख, मग आवक, मग जावक, मग हातात शिल्लक. सुरुवात विक्रीच्या आधीपासून. काकूंच्या १०,६०,००० पैकी १,१०,००० दागिन्यांचे नव्हतेच. जुलैमध्ये यात्रेसाठी त्यांनी खात्यातून काढले होते, यात्रा रद्द झाली, पैसे कपाटात राहिले. हे वेगळं दाखवलं. सगळा भरणा दागिन्यांच्या माथी मारायचा मोह होतो आणि मग पावत्यांची बेरीज जुळत नाही.

पासबुक मात्र नीट वाचा. घरात चार-पाच लाख रोकड आहे असं तुमचा तक्ता सांगतोय आणि त्याच आठवड्यात एटीएममधून दहा-दहा हजार काढलेत, तर अधिकारी विचारेल की घरात पैसे असताना काढायची गरज काय होती. काकूंच्या खात्यात ऑक्टोबरमध्ये अशी एक नोंद होती, ती मुलानं त्यांचं कार्ड वापरून काढलेली. मुलाच्या दोन ओळींचं निवेदन जोडून ते मिटवलं. न विचारताच सांगून टाकलं, कारण विचारल्यावर सांगितलेलं तेच उत्तर सारवासारव वाटतं.

कर भरलाय का

सगळ्या कड्या जुळल्या आणि विवरणपत्रात विक्रीचा उल्लेखच नाही, असं फार वेळा होतं. पेन्शनर मंडळी सवयीनं ITR-1 भरतात. सोन्याचे दागिने भांडवली मालमत्ता आहेत, वारशानं आलेले असले तरी विक्रीवरचा नफा ITR-2 मध्ये Schedule CG खाली दाखवावा लागतो.

हिशेब असा. वारशात आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो, म्हणून नफा दीर्घ मुदतीचा. २००१ पूर्वीचे दागिने असतील तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव किंमत म्हणून धरता येतो, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. काकूंच्या सोन्याची ती किंमत ५४,००० निघाली. ९,५०,००० वजा ५४,००० म्हणजे ८,९६,००० नफा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. कर १,१२,०००, उपकर धरून १,१६,४८०. काकूंनी तो विवरणपत्रात वेळेवर भरलेला होता, आणि माझ्या मते त्यांच्या फाइलीतलं सर्वांत बोलकं पान तेच होतं: नोटीस येण्याआधीच विक्री जाहीर केलेली.

ज्यांनी दाखवलं नाही आणि अजून नोटीसही नाही, त्यांनी सुधारित विवरणपत्राची मुदत असेल तर ते, नसेल तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र भरावं. छाननी सुरू झाल्यावर त्या वर्षासाठी अद्ययावत विवरणपत्र भरता येत नाही. तेव्हा उत्तरातच नफ्याचा हिशेब देऊन त्यावर कर आकारावा असं म्हणायचं आणि व्याज-दंडाची तयारी ठेवायची.

पाठवताना

उत्तराचं पत्र दोन पानांच्या आत ठेवा. त्यात रकमेची फोड, तीन कड्या आणि प्रत्येक वाक्याला जोडपत्राचा पान क्रमांक. जोडपत्रं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये, नावं वाचली की कळावीत अशी: मृत्युपत्र, गहाणपावती, लॉकर उतारा, पावत्या, चोकसीची खतावणी, रोकड तक्ता, कराचं चलन. पाठवल्यावर पोचक्रमांक जपून ठेवा.

अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही तर तो ही रक्कम तुमच्या उत्पन्नात धरण्याआधी कारणे दाखवा नोटीस देतो. ती नीट वाचा, कारण कुठली कडी त्याला कच्ची वाटते ते तिच्यातच लिहिलेलं असतं. चोकसीच्या जबाबावर बोट ठेवलं असेल तर त्या जबाबाची प्रत आणि उलटतपासणीची संधी लेखी मागा, आणि व्हिडिओ सुनावणीही मागून घ्या. मागितलं नाही तर पुढं अपिलात त्यावर बोलायला जागा राहत नाही. आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३५ वर आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागायची, आणि तिथंही हीच जोडपत्रं याच क्रमानं लागतात.